विषय: शेडरसाठी घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये डीडीआर 3 मेमरीचं ग्राफिक्स कार्ड बसवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या बेळगावच्या शाखेतून मी गेल्या महिन्यात लेकासाठी कॉम्प्युटर जोडून घेतला. तो माइनक्राफ्टमध्ये आमच्या येळ्ळूरचा राजहंसगड बांधतोय. दोन दिवाळ्या अंगणात मातीचा किल्ला केल्यावर त्याला हा गड बुरुजासकट उभा करायचा होता आणि माथ्यावरून खालची भातशेती दिसायला हवी होती. म्हणून ऑर्डर देताना मी आपल्या माणसाला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: 1080 च्या मॉनिटरवर उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारा शेडर पॅक चालला पाहिजे आणि व्ह्यू डिस्टन्स 24 चंक, म्हणजे जगाचे 24 चौकोनी तुकडे लांबवर दिसतील इतकं, ठेवता आलं पाहिजे. "4 जीबीचं कार्ड घालतो, आरामात चालेल," असं त्यांनी सांगितलं. बिलावर नुसतं "4 जीबी ग्राफिक्स कार्ड" लिहिलंय, पुढे काही नाही.

शेडर लावला की गेम सेकंदाला 7 फ्रेमवर येतो. पोरगा मान वळवतो आणि चित्र मागून येतं. आपले फिटर घरी येऊन गेले आणि "रॅम कमी पडतेय, 16 ची 32 करा" असं सांगून गेले. ते मला पटलं नाही. गेमला मी -Xmx4G लिहून 4 जीबी रॅम दिली आहे आणि F3 दाबल्यावर त्यातली निम्मीच वापरात दिसते. जी रॅम आत्ताच रिकामी आहे ती वाढवून फ्रेम कशा वाढतील?

म्हणून मी स्वतः तपासलं. शेडर बंद करून 24 चंकवर चाळीसच्या आसपास फ्रेम मिळतात. 24 चंक म्हणजे खेळाडूभोवती 49 गुणिले 49, एकूण 2,401 चंक. ते तयार करणं मुख्यतः प्रोसेसरचं आणि रॅमचं काम, आणि ते दोन्ही नीट करतात. मग शेडर चालू ठेवून व्ह्यू डिस्टन्स 24 वरून 8 वर आणलं. चंक 289 वर आले, म्हणजे आधीच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी, तरी फ्रेम 7 च्या 9 झाल्या, बस. शेवटी व्ह्यू डिस्टन्स परत 24 केलं आणि गेमची खिडकी 960 गुणिले 540 इतकी लहान केली. ठिपके पाव झाले आणि फ्रेम एकदम 22 वर गेल्या. जग लहान करून फरक पडत नाही आणि चित्र लहान केल्यावर पडतो, तेव्हा अडलंय ते कार्डापाशीच. टास्क मॅनेजरमध्येही तेच दिसतं: कार्ड 98 टक्के, प्रोसेसर 20 च्या आत.

मग कार्डाची माहिती दाखवणारं GPU-Z उघडलं आणि उलगडा झाला. Memory Type समोर DDR3, Bus Width 64 bit, Bandwidth 14.4 GB/s. शेडर पॅक एकेका फ्रेमसाठी पडद्याएवढी अनेक चित्रं कार्डाच्या मेमरीत लिहितो आणि परत वाचतो: रंगाचं, खोलीचं, उजेडाचं. शिवाय सावल्यांसाठी सूर्याच्या बाजूने जग आणखी एकदा रेखाटतो. त्यामुळे मेमरी किती आहे यापेक्षा ती किती वेगाने वाहते हे इथे महत्त्वाचं. विहीर भरलेली आहे, पण मोटर अर्ध्या एचपीची बसवली, तर पाणी शेताच्या टोकाला पोचत नाही. 4 जीबीचंच, पण जीडीडीआर 6 मेमरीचं आणि 128 बिटचं कार्ड 192 GB/s पर्यंत देतं. तेरापट! आपल्या बिलावर मात्र दोन्ही कार्डं एकाच शब्दांत बसतात, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. मी काम सांगून वस्तू मागितली होती.

माझी मागणी अशी: कार्ड बदलून 128 बिट बस आणि जीडीडीआर 6 मेमरीचं द्या. किमतीतला रास्त फरक भरायला मी तयार आहे. 75 वॅटच्या आत चालणारं कार्ड घेतलं तर ते स्लॉटमधूनच वीज घेतं, त्यामुळे आत्ताचा 450 वॅटचा एसएमपीएस बदलायची गरज नाही. नव्या बिलावर कार्डाचं मॉडेल, मेमरीचा प्रकार आणि बस विड्थ लिहून द्या. बसवल्यावर फिटरनी माझ्यासमोर शेडर लावून, 24 चंकवर, गडाच्या माथ्यावर उभं राहून F3 दाखवावं. निदान 30 फ्रेम दिसल्या तरच मी सही करीन.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन. बिलाची प्रत, GPU-Z चा फोटो आणि तिन्ही चाचण्यांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला ग्राहक,
येळ्ळूर, ता. जि. बेळगाव