मामाच्या टपरीचा हिशेब

हर्णै

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

दादाकडे पुण्यात करमतंय ना? इथे 31 जुलैला मासेमारीची बंदी उठली आणि बंदर पुन्हा गजबजलं. संध्याकाळच्या लिलावाला मामाच्या टपरीवर उभं राहायला जागा नसते. तरी महिनाअखेर हातात काही उरत नाही म्हणून मामी कुरकुरत होती. शेवटी मामा म्हणाला, "बाय, तू पतपेढीत हिशेब बघतेस, माझाही बघ."

मामाचा संशय वडापाववर होता, कारण पाव महागलेत. मला मात्र तेलाचं कोडं पडलं. वडे आणि कांदाभजी एकाच डब्यातल्या तेलात तळतात, त्यामुळे कुठला जिन्नस किती तेल पितो ते कधी कळतच नव्हतं. एक दिवस दोन्हींच्या कढया वेगळ्या ठेवल्या आणि तळण्याआधी व नंतर तेल वजन करून पाहिलं. भज्यांनी दीड किलो प्यायलं होतं, म्हणजे 225 रुपये. वड्याला एक गुळगुळीत कवच असतं. भजीला किती काटेकोपरे, सगळीकडून तेल शिरतं. त्यात कांद्याला पाणी सुटलं की पीठ वाढवायचं, आणि घाईत तेल नीट तापायच्या आत घाणा सोडला की आणखी तेल.

बाकीचं असं: 5 किलो कांदा 200, 2 किलो बेसन 200, मिरची-कोथिंबीर 50, गॅस 140, कागद 35. सगळं मिळून 850. प्लेटी भरल्या 40. वीस रुपयांप्रमाणे आले 800. टपरीचं भाडं मी यात धरलंच नाही, भजी केली न केली तरी ते द्यावंच लागतं. म्हणजे सगळ्यात जास्त खपणारी भजीच रोज पन्नास रुपये खात होती! वडापावची कमाई तिकडे जिरत होती. मामा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

भजी बंद करायला मामीचा ठाम नकार. भजी खाणारा चहा घेतोच, आणि चहावर कपामागे चार रुपये सुटतात. तिचं म्हणणं खरंच होतं. मग प्लेट वजनकाट्यावर ठेवली. मामाला वाटत होतं 120 ग्रॅम, निघाली 150. ओळखीचं गिऱ्हाईक दिसलं की मूठ सैल होते, तुम्हाला ठाऊक आहेच. तेवढ्याच घाण्यातून 120च्या 50 प्लेटी निघतात, म्हणजे हजार रुपये. भाव न वाढवता तोट्याच्या जागी जवळजवळ दीडशेचा फायदा.

आता एक वाटी मापाला ठेवली आहे. खलाशी पहिल्या दिवशी कुरकुरले, मामाने मिरची तळून वर दिली. त्या मिरचीचा हिशेब अजून मांडायचाय.

बाबा, डोळ्यांत औषध वेळेवर घाला. गणपतीला दोघंही याच.

तुमची,
बाय