सई, झडपा आधी बनव

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद. प्रदर्शनासाठी तू हृदयाची चालती प्रतिकृती करणार म्हणालीस, म्हणून हे सविस्तर लिहितो. फोनवर मापं सांगून भागत नाही, ती समोर कागदावर असलेली बरी.

थर्माकोलचं हृदय रंगवून ठेवण्यापेक्षा पाणी फिरणारं हृदय करणं अवघड नाही. सगळं अडतं ते झडपांपाशी. पिशवी दाबली की पाणी दोन्हीकडे पळतं. त्याला एकाच दिशेला जायला लावतात त्या झडपा, म्हणून बाकी कशालाही हात लावण्याआधी चार झडपा बनव आणि तपास.

सामान असं: सॉस घालायची दाबायची मऊ प्लास्टिकची बाटली, २०० मिलिलीटरची, दोन. थंड पेयाच्या एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या दोन. माशांच्या टाकीला हवा द्यायची पारदर्शक नळी ४ मीटर (आतून साधारण ४ मिमी, बाहेरून ६ मिमी). मध्यम आकाराचे फुगे आठ. शिवणाचा दोरा, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, लाल आणि निळी चिकटपट्टी, खायचा लाल रंग आणि उभं करायला एक फळी. निलय, म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा, म्हणून पाण्याची पातळ बाटली घेऊ नकोस. ती दाबल्यावर चेपते आणि परत फुगत नाही. सॉसची बाटली सोडताच मूळ आकाराला येते, आणि त्या परत फुगण्यानेच वरचं पाणी आत ओढलं जातं.

आता झडप. फुग्याच्या मानेचा ३ सेंमी तुकडा काप. तोंडाची गोल जाड कड मात्र आधी पूर्ण कापून टाक, कारण ती राहिली तर तोंड कायम उघडं राहतं. हा तुकडा नळीच्या टोकावर १ सेंमी चढवून दोऱ्याचे सात-आठ वेढे घट्ट मार. उरलेले २ सेंमी मोकळे लोंबू देत. ओले करून चिमटीत दाबलेस की त्याचे दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात. नळीतून पाणी आलं की ते बाजूला होतात, बाहेरून दाब आला की मिटतात.

लांबीत चूक करू नकोस. मोकळा भाग १ सेंमीपेक्षा कमी असेल तर पदर नीट मिटत नाहीत, आणि ४ सेंमी ठेवलास तर दाबाबरोबर तो दुमडून उलटा नळीत शिरतो. खऱ्या हृदयातही हाच धोका असतो. तिथे वरचा कप्पा अलिंद आणि खालचा निलय यांच्यामधल्या झडपांचे पदर उलटे वर जाऊ नयेत म्हणून बारीक तंतूंनी निलयाच्या आतल्या स्नायूंना बांधलेले असतात. आपल्या झडपेला असे तंतू नाहीत, म्हणून तिची लांबी जपायची. प्रत्येक झडप तपासायची ती अशी: नळीतून फुंकर मारलीस तर हवा सहज जायला हवी, आणि तोंडाने हवा ओढलीस तर रबर चपटं होऊन नळी बंद व्हायला हवी. ओढताना हवा आली तर ती झडप बाजूला ठेव.

दोन सॉसच्या बाटल्या म्हणजे दोन निलय. बाटलीच्या झाकणाला मधोमध निमुळती तोटी असते. तिचं टोक थोडं थोडं काप, म्हणजे नळी त्यातून जेमतेम ओढून काढता येईल. ही बाहेर जाणारी नळी, हिचं आतलं टोक झाकणाखाली १ सेंमीच ठेव. तोटीच्या बाजूला तापवलेल्या ५ मिमी जाड खिळ्याने दुसरं भोक पाड (खिळा सरांसमोरच तापव). त्यातून ६ मिमीची नळी तिरकी कापून पकडीने ओढून घे. ही आत येणारी नळी. ती बाटलीत ७ सेंमी खोल जाऊ दे आणि तिच्या आतल्या टोकाला झडप बांध. झडप बाटलीच्या भिंतीला किंवा तळाला टेकता कामा नये. झाकणाच्या आत सायकल ट्यूबची चकती बसव, तिला नळ्यांपेक्षा लहान भोकं पाड. नुसता गरम गोंद या प्लास्टिकला नीट धरत नाही, दहा वेळा दाबलं की सुटतो. गळती थांबते ती भोक नळीपेक्षा लहान असल्याने. मग झाकण लावून एक नळी बोटाने बंद कर, बाटली पाण्यात बुडवून दाब. बुडबुडे जिथून आले तिथे गळती आहे.

मुलं हे उलटं करतात: बाहेर जाणारी नळी तळापर्यंत नेतात. मग वर हवा अडकून राहते, दाबल्यावर आधी ती हवाच आकसते आणि पाणी जेमतेम थेंबभर पुढे सरकतं. टोक वर ठेवलंस की हवा पहिल्यांदा बाहेर पडते. खऱ्या निलयातही रक्त आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं दार दोन्ही वरच्या बाजूला शेजारी शेजारी असतात. रक्त खाली टोकाकडे जातं, वळतं आणि वर बाहेर पडतं. हे बोलताना बाटलीवर बोट फिरवून दाखव.

लिटरच्या बाटल्यांचे तळ कापून त्या उलट्या फळीला बांध, निलयांपेक्षा ३० सेंमी उंच, दोन्ही एकाच पातळीत. ही दोन अलिंदं. त्यांच्या झाकणाला भोक पाडून खालच्या निलयाकडे जाणारी नळी जोड. बघणाऱ्याच्या डाव्या हाताला उजवं अलिंद यायला हवं, कारण चित्रातलं हृदय आपल्यासमोर उभ्या माणसाचं असतं. फळीवर आणि तक्त्यावर हे एकसारखं ठेव. ही चूक परीक्षकांच्या नजरेतून सुटत नाही.

उजव्या निलयातून निघालेली ८० सेंमी नळी डाव्या अलिंदात सोड, तिला वाटेत एक वेटोळं घाल: ते फुप्फुस. डाव्या निलयातून निघालेली नळी मात्र २ मीटर घे, फळीवर चार-पाच वेटोळी घालून उजव्या अलिंदात सोड: ते शरीर. या दोन्ही नळ्यांच्या शेवटच्या टोकांना उरलेल्या दोन झडपा येतात. टोकं पाण्यात बुडू देऊ नकोस, अलिंदाच्या काठाशी वर टांग. बुडाली तर दाबलं नाही तरी जास्त भरलेल्या बाजूचं पाणी आपोआप वाहू लागतं. खऱ्या हृदयात या झडपा निलयाच्या दारातच असतात, नळीच्या शेवटी नसतात. हा फरक तक्त्यावर स्पष्ट लिही.

रंगाबद्दल माझं मत पक्कं आहे. एका बाजूला निळं आणि दुसऱ्या बाजूला लाल पाणी भरू नकोस. तसं करायचं तर दोन्ही बाजू वेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि मग उजवीकडचं रक्तच फुप्फुसातून डावीकडे येतं ही मुख्य गोष्टच खोटी पडते. शिवाय माणसाचं रक्त निळं नसतंच. ऑक्सिजन कमी झालेलं रक्त गडद लाल असतं. सगळीकडे एकच लाल पाणी भर, साधारण सव्वा लिटर. निळी चिकटपट्टी शरीराच्या वेटोळ्याच्या मध्यापासून उजव्या बाजूमार्गे फुप्फुसाच्या मध्यापर्यंत लाव, उरलेल्या वाटेवर लाल. कुंकू कालवू नकोस, ते खाली बसतं आणि झडपेत अडकतं.

अलिंदं भरल्यावर बुडबुडे थांबेपर्यंत दोन्ही निलय एकत्र दाब. एक सेकंद दाबायचं, दोन सेकंद सोडायचं. घाई केलीस तर बाटली भरायच्या आत पुढची दाब येते. खरं हृदयही आकुंचनापेक्षा शिथिलतेला जास्त वेळ देतं: मिनिटाला ७२ ठोके असताना एका ठोक्याच्या ०.८ सेकंदातले ०.३ निलयांच्या आकुंचनाचे आणि ०.५ शिथिलतेचे.

आता मोजमाप. एका बाजूचं टोक अलिंदाच्या काठाइतक्याच उंचीवर मापपात्रात धरून १० वेळा दाब. समज २५० मिली पाणी आलं, तर एका दाबेला २५ मिली. मिनिटाला २० दाबा म्हणजे अर्धा लिटर. विश्रांत अवस्थेत प्रौढ माणसाचं निलय एका ठोक्याला सुमारे ७० मिली ढकलतं, म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर. दुसऱ्या बाजूचंही असंच मोज. डावी बाटली दाबायला जड लागेल, तिची नळी लांब आहे ना. परीक्षकांनाही दाबून बघायला दे. डाव्या निलयाचा दाब पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटरपर्यंत चढतो, उजव्याचा जेमतेम २५ पर्यंत. पाणी मात्र दोन्हीकडून सारखंच जायला हवं.

ते सारखं जात नसेल तर काय होतं, हा तुझ्या प्रतिकृतीचा सगळ्यात चांगला प्रयोग ठरेल. डाव्या निलयाच्या आतल्या झडपेत काडीपेटीच्या काडीचा तुकडा अडकवून ती अर्धवट उघडी ठेव. ही झाली गळकी द्विदली झडप. दाबल्यावर काही पाणी मागे डाव्या अलिंदात जातं. उजवीकडून दाबेला २५ मिली आणि डावीकडून १५ मिली पुढे जात असेल, तर १० दाबांत डाव्या अलिंदात १०० मिली पाणी साचतं. लिटरच्या बाटलीत ते २ सेंमीच्या आसपास चढतं आणि उजव्या अलिंदात तेवढंच उतरतं. बाहेरून पट्टी चिकटवून ठेवलीस की लांबूनही दिसेल. माणसात डाव्या अलिंदाच्या मागे फुप्फुसं असतात, त्यामुळे तुंबलेल्या रक्ताचा दाब तिथे चढतो आणि धाप लागते, आडवं झाल्यावर जास्त. उजवी बाजू कमी पडली तर पायांवर सूज येते.

कोणी विचारलं की अलिंदं दाबली का जात नाहीत, तर सांग की निलय भरण्याचं बरंचसं काम अलिंद आकुंचन पावण्याआधीच होतं, आकुंचनाने शेवटचा थोडा भाग भरतो. आणि हेही सांग की खरं निलय जास्त भरलं की पुढचा ठोका आपोआप जोरात मारतं, म्हणून दोन्ही बाजूंचा हिशेब जुळत राहतो. बाटलीला ते जमत नाही, तिथे हात लागतो.

तक्त्यावर पूर्ण कार्डशीटभर एकच चित्र काढ. चार कप्पे, चार झडपा, महाधमनी, फुप्फुस धमनी, फुप्फुस शिरा आणि दोन महाशिरा एवढीच नावं लिही, कप्प्यांची नावं तुझ्या पुस्तकात असतील तशी. चित्रातला आकडा आणि फळीवर चिकटवलेला आकडा एकच ठेव. फुप्फुस धमनी निळी आणि फुप्फुस शिरा लाल रंगव. इथे अनेकांचा गोंधळ होतो, कारण धमनी म्हणजे शुद्ध रक्त असं पाठ केलेलं असतं. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा.

फुग्याचं रबर ओलं राहून दोन-तीन दिवसांत चिकट होतं, म्हणून प्रदर्शनाच्या सकाळी झडपा नव्या बांध आणि दोन तयार झडपा दोऱ्यासकट डबीत ठेव. पाणी रोज बदल. मोजलेले मिली मला कळव, दोन्ही बाजूंचे वेगवेगळे.

तुझा,
बाबा