आईला स्वतःचे पैसे हवेत

फोंडा,
चवथ झाल्यावरचा रविवार

प्रिय दिगू,

आठ महिने पत्र नाही, काय शिव्या घालायच्या त्या घाल. साखर ठीक, गुडघा तसाच.

परवा पानावर बसलो असताना आई म्हणाली, "हे घर बँकेकडे ठेवते आणि महिन्याला पैसे घेते. तुम्हा दोघांपुढे हात पसरायचा नाही मला." रिव्हर्स मॉर्टगेज! माईंनी डोक्यात घातलेलं. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "मग घर कुणाचं?" लिहितानाही लाज वाटते.

बँकेत जाऊन आलो. घर आईच्याच नावावर राहतं, मरेपर्यंत ती तिथेच राहते, हप्ता एकही भरायचा नाही. घरपट्टी, विमा आणि डागडुजी मात्र तिची. हिशेबापुरतं घर 70 लाखांचं आणि व्याज 10 टक्के धर. महिना 10,000 मिळाले तर 15 वर्षांत तिच्या हाती येतात 18 लाख, पण कर्ज होतं सुमारे 41 लाख. मला वाटलं साहेब फसवतोय. नाही रे, व्याजावर व्याज, आपल्या गणिताच्या मास्तरांनी छडी मारून शिकवलेलं तेच. (तू तेव्हा माझीच वही उतरवायचास, विसरलो नाही.)

15 वर्षांनी पैसे थांबतात, आईला कोणी बाहेर काढत नाही, पण व्याज चालूच. आणखी 5 वर्षं जगली तर कर्ज 68 लाख. ती गेल्यावर आम्ही कर्ज फेडून घर सोडवायचं, नाहीतर बँक विकून आपलं घेते आणि वरचं आम्हाला देते. भाव तोवर 70 लाखांवरच राहिला, तर आम्हा भावांना मिळून 2 लाख! कर्ज घराच्या किमतीपुढे गेलं तर मात्र तो तोटा बँकेचा, आमच्याकडे मागता येत नाही.

खरी गंमत पुढेच. घर बांधलं बाबांनी, ते गेल्यावर इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांची वाटणी, केलीच नाही. आपल्या गोव्याच्या कायद्याने अर्धं घर आईचं, उरलेलं अर्धं दादाचं नि माझं. बँकेला मालकी एकट्या आईची हवी. म्हणजे इन्व्हेंटरी करा, आम्ही आपला हिस्सा तिला सोडा, आणि त्या कागदावर दोन्ही सुनांच्या सह्या, कारण नवऱ्याच्या हिश्श्यात त्यांचाही अर्धा वाटा. ज्यांच्यापुढे हात पसरायचा नव्हता त्यांच्याचपुढे आईने सहीसाठी जायचं! हे ऐकून ती उठली आणि तुळशीला पाणी घालायला गेली, भर दुपारी.

दादा तयार आहे, मीही सही करणार. अडलंय आमच्या घरात. हिचं म्हणणं, "मुलाला काय ठेवणार?" तिचंही काय चुकलं म्हणू?

तुझी बदली झाली का? पोरगी दहावीला ना? चवथीला आला नाहीस, नेवऱ्या मीच संपवल्या. एकदा हिला फोन कर. माझं नाही, पण तुझं ऐकते ती.

तुझा,
बाबल