व्हिएतनामीतले शेवटचे एक अक्षर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

हनोईतल्या घरमालकीणबाईंशी बोलताना शब्द अचूक असूनही आपले बोलणे हुकमी वाटते, असे तू लिहितोस. त्याचे कारण बहुधा वाक्याच्या शेवटी सापडेल. मराठीत आपण नुसता आवाज लांबवून 'दे' या एका शब्दातही आर्जव आणतो. व्हिएतनामीत मात्र शब्दाचा सूर बदलला की अर्थच बदलतो, त्यामुळे ते काम बरेचसे वाक्याच्या अखेरीस येणाऱ्या छोट्या अव्ययांवर पडते.

समज, रात्री फाटक बंद आहे आणि बाईंनी ते उघडावे अशी तुझी विनंती आहे. 'मऽ कुआ' म्हणजे दार उघडणे. त्यापुढे 'दी' लावलेस, तर 'उघड की आता' असा तगादा होतो. हाच 'दी' जेवणाच्या ताटावर मित्राला 'आन दी', म्हणजे 'खा रे', म्हणताना प्रेमळ वाटतो, पण वडीलधाऱ्यांपुढे तो नको. चढ्या सुरातला 'न्ये' आपल्या 'हं'सारखा आहे: समोरचा हो म्हणणारच, असे तो गृहीत धरतो. म्हणून बरोबरीच्या माणसाला 'उद्या भेटू न्ये' म्हणणे गोड वाटते, पण अपरात्री मोठ्यांना उठवताना त्यांचा होकार तूच परस्पर घेऊन टाकल्यासारखे होईल.

तिथे असे म्हण: 'ची मऽ कुआ झुप एम वऽय आ.' 'ची' म्हणजे ताई, 'एम' म्हणजे तिचे धाकटे भावंड, अर्थात तू, आणि 'झुप' म्हणजे मदत म्हणून. 'वऽय' सांगतो की नड माझी आहे; संकटात 'वाचवा!' अशी हाक मारतानाही शेवटी हाच येतो. 'आ' ऐकणाऱ्याचा मान राखतो आणि नेहमी सर्वांत शेवटी बसतो. आपण मराठी माणसे तो हमखास लांबवतो. खरे तर तो खालच्या सुरात, घशात चटकन तोडायचा असतो. बाई तुझ्या आईहून मोठ्या असतील, तर 'ची'ऐवजी 'बाक' आणि स्वतःला 'चाउ' म्हण, कारण नाते चुकले तर एकटा 'आ' बोलणे सावरू शकत नाही.

पाठ्यपुस्तकातला 'लाम अन', म्हणजे 'कृपया', घरगुती बोलण्यात कोरडा वाटतो, कधी वैतागाचासुद्धा. तो मी टाळतो.

सायगॉनला गेलास, तर 'न्ये'च्या जागी 'न्या' ऐकू येईल. तिकडे 'आ' कमी वापरतात आणि मान राखायला वाक्याच्या आरंभी 'या' म्हणतात. तोच शब्द हनोईत 'झा' असा उच्चारतात, तेव्हा गोंधळू नकोस.

तुझा,
विनायक