रामसर करार बंधनकारक नाही, हे कुणी ठरवलं? पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य
सा. न. वि. वि.

माझी पुतणी नाशिकला वकिली शिकते. आमच्याकडची नांदूर मध्यमेश्वरची पाणथळ जागा रामसर या पाणथळी जपण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. तिथल्या पाणवेलींबद्दल तिनं माहिती अधिकारात अर्ज केला. परवा उत्तर आलं: ‘रामसर करार केवळ मार्गदर्शक असून शासनावर बंधनकारक नाही.’ खाली सही, गोल शिक्का. पोरगी तेच प्रकल्पात उतरवायला निघाली होती.

तिला जे समजावलं, तेच आपल्यालाही सांगतो. करार १९७१ चा, भारत त्यात १९८२ पासून. कलम ३ म्हणतं, यादीतल्या पाणथळ जागांचं संवर्धन होईल असं नियोजन करा आणि ते राबवा. हे बंधन. त्याच वाक्यात पुढे देशातल्या बाकी पाणथळींचा सुज्ञ वापर येतो, पण तो ‘शक्य तितका’. तिथे सरकारला पळवाट आहे. कलम ४ मध्ये पाणपक्षी वाढावेत म्हणून प्रयत्न करायला सांगितलंय. उद्या पक्षी कमी आले, तर तेवढ्यावरून करार मोडला म्हणता येणार नाही.

पण कलम ३ चा दुसरा भाग वाचा. यादीतल्या जागेचं नैसर्गिक स्वरूप प्रदूषणानं किंवा माणसाच्या ढवळाढवळीनं बदललं, बदलतंय किंवा बदलण्याची शक्यता आहे, तर ते लवकरात लवकर कळेल अशी सोय देशानं करायची आणि विनाविलंब करार सचिवालयाला कळवायचं. यात ‘शक्य तितकं’ नाही. पाणवेली काढा असं हे कलम म्हणत नाही, हेही तिला सांगितलं. कळवण्याची सक्ती मात्र आहे. न कळवल्यास दंड नाही, म्हणूनच बहुधा आपल्याकडे ते ‘मार्गदर्शक’ झालं.

आणि साहेब, सांडपाण्याचं काय? २०१७ चे पाणथळ नियम तर आपल्याच देशाचे आहेत. रामसर जागेत शहरं-गावांचं प्रक्रिया न केलेलं पाणी सोडायला त्यात सरळ बंदी आहे. आम्ही निफाडकर गोदेच्या खालच्या अंगाला राहतो. उन्हाळ्यात खिडकी उघडली की वास घरात, मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला पाणवेलीच्या मुळ्यांचा गुंता. तो काढायला गुडघाभर चिखलात मी उतरायचं, खाज मी सोसायची, आणि खाजेच्या मलमाचे पैसेही मीच द्यायचे. तिकडे कुंभमेळ्याला हजारो कोटी. आकडा रोज वाढतो, खरा कुठला ते देव जाणे. त्यातला किती पैसा नदीत उतरतो आणि किती घाटाच्या फरशीत, हे विचारलं की आम्ही विकासविरोधी!

२०२० मध्ये ‘राज्यातलं पहिलं रामसर स्थळ’ म्हणून अभिनंदनाचे फलक लागले, तेव्हा करार बंधनकारक होता का मार्गदर्शक? फोटोपुरता बंधनकारक असावा. या राज्यात सगळे कायदे असेच चालतात: आम्हाला नोटीस, तुम्हाला मार्गदर्शन.

पुतणीच्या अर्जाला नवं उत्तर द्या. पाणवेलींबद्दल राज्यानं केंद्राला काय कळवलं, त्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख त्यात हवी. कळवलंच नसेल तर तसं लिहा, सही-शिक्क्यासकट.

आपला,
निफाड तालुक्यातील एक शेतकरी