टीव्हीवरची कविता

चि. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

ओमच्या कवितेचा व्हिडिओ काल टीव्हीवर पाहिला. तू फोनवर म्हणाली होतीस, 'बाबा, कोपऱ्यात लाटा असलेला चौकोन दाबा, झालं.' कसलं झालं! तो चौकोन मी व्हॉट्सॲपमध्ये पाऊण तास शोधला. आलेल्या व्हिडिओवर तो तिथे नसतोच, हे सांगायचं तू विसरलीस.

मग तू तो गूगल फोटोजच्या अल्बममध्ये टाकलास. तिथे Cast सापडलं, पण यादीत आपल्या टीव्हीचं नाव येईना. फोनला वाय-फाय होतं, टीव्हीवर नेटवरच्या बातम्या चालू होत्या. दोघेही हजर, पण ओळख द्यायला तयार नाहीत. आई म्हणाली, टीव्ही बंद करून पुन्हा लावा. लावला. काही फरक नाही.

शेवटी वर्गात करायचो तेच केलं, दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. टीव्हीच्या सेटिंगमधून नेटवर्कचं नाव कागदावर उतरवलं, त्याखाली फोनमधलं. अक्षरं सगळी तीच, फक्त फोनच्या नावाला Guest असं शेपूट. राउटर बदलला तेव्हा पासवर्ड सोपा म्हणून मीच फोन तिथे जोडला होता. या पाहुण्यांच्या वाय-फायवर इंटरनेट मिळतं, पण घरातली बाकीची यंत्रं सहसा दिसत नाहीत. ओसरी मोकळी, माजघर बंद! फोन घरच्या वाय-फायवर आणला आणि टीव्हीचं नाव लगेच यादीत आलं.

मध्येच कुणाचा तरी फोन आला. वाटलं, गेलं सगळं. पण टीव्हीवर ओम आपला म्हणतोच आहे. टीव्ही तो व्हिडिओ नेटवरून स्वतः आणतो, फोन नुसता रिमोटचं काम करतो, हे तेव्हा उमगलं. आदल्या दिवशी मी स्क्रीन मिररिंग करून पाहिलं होतं. त्यात फोनवर जे जे येईल ते सगळं टीव्हीवर दिसतं. आईची तक्रार करणाऱ्या माझ्या मेसेजला तू दिलेलं उत्तरही दिसलं. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

आता ओमचं. दुसऱ्या कडव्यात तो थांबतो ना, तिथे तो ओळ विसरला असं मी फोनवर पाहून तुला म्हणालो होतो. तो विसरलेला नाही. मोठ्या पडद्यावर नीट दिसतं: शेजारचा मुलगा अडकलाय आणि ओम त्याच्याकडे न बघता, ओठ जेमतेम हलवून त्याला शब्द पुरवतोय. तो मुलगा सुरू झाल्यावरच हा पुढे जातो. परीक्षेत असं करताना मी त्याला उभं केलं असतं. काल मात्र तेवढा भाग तीनदा मागे घेऊन पाहिला.

त्याला यातलं काही विचारू नकोस.

तुझे,
बाबा