तक्रार : ‘कटप्रूफ’ हातमोज्यातून अंगठ्यात घुसलेले दात

दिनांक : ३० मार्च
इंदूर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : स्लायसर आणि हातमोज्याच्या जोडसंचावरील चुकीचा दावा व त्यामुळे झालेली दुखापत

महोदय,

आपल्या कंपनीचा स्लायसर आणि सोबतचा करडा हातमोजा असा संच मी ऑनलाइन १,१४९ रुपयांना घेतला. बिलाची प्रत जोडली आहे. फोनवर दोनदा आणि ईमेलवर एकदा तक्रार केली. त्यावर ‘हातमोजा लेव्हल ५ प्रमाणित आहे, वापरात निष्काळजीपणा झाला असावा’ एवढंच एका ओळीचं उत्तर आलं. म्हणून हे सविस्तर पत्र.

आमच्याकडे रंगपंचमीची गेर मिरवणूक आटोपली की बटाट्याच्या वाळवणाला सुरुवात होते. यंदा चोइथराम मंडीतून २० किलो बटाटे आणले. पहिल्या दिवशी जाऊबाई आणि मी सपाट पात्यावर वेफर्स पाडले. चकत्या तुरटीच्या पाण्यात पडत होत्या, बटाट्याच्या चिकाने हात आणि फळी दोन्ही बुळबुळीत झालं होतं. एकदा बटाटा निसटला आणि माझी करंगळी सरळ पात्यावरून गेली. मोज्यावर पांढरट ओरखडा उठला, बोटाला काही झालं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुमचा मोजा अगदीच टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. सपाट पात्यावर त्याने माझं बोट वाचवलं.

दुसऱ्या दिवशी उपवासाच्या किसासाठी सळ्या पाडायच्या होत्या, म्हणून दातांची पट्टी बसवली. तुमच्या खोक्यावर ‘तिन्ही पात्यांसाठी सुरक्षित, होल्डरची गरज नाही’ असं छापलं आहे आणि खाली मोजा घातलेल्या बोटांनी बटाटा धरलेलं चित्र आहे. मी तसाच धरला.

बटाटा अख्खा असतो तेव्हा जोर लावावा लागतो आणि बोटं पात्यापासून लांब असतात. तो जसजसा झिजतो तसा अडसर कमी होतो, हाताचा जोर मात्र सवयीने तेवढाच राहतो. शेवटचा दोन बोटं जाडीचा तुकडा उरला की तो एकदम सटकतो, आणि त्याच झोकात हात पुढे जातो. माझंही तेच झालं. अंगठ्याचं पेर दातांवर आपटलं. दात उभे आणि टोकदार आहेत, त्यांना विणीच्या दोन धाग्यांमधून वाट मिळाली. धागे तुटलेसुद्धा नाहीत, नुसते बाजूला सरकले, आणि अंगठ्यात दोन समांतर चिरा पडल्या. स्वच्छ नॅपकिनने दाबून, हात वर धरून १० मिनिटं बसले तेव्हा रक्त थांबलं. डॉक्टरांनी जखम धुऊन पट्टी बांधली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. उरलेले बटाटे जाऊबाईंनी सासूबाईंच्या जुन्या किसणीवर किसले, तोंडाने बरंच काही बोलत.

आता तुमच्या ‘लेव्हल ५’बद्दल. माझा भाचा पीथमपूरला पत्र्याच्या कारखान्यात सुरक्षा पाहतो. तिथे असे मोजे रोज वापरतात. त्याने मोज्याच्या आतलं लेबल उलटं करून मला समजावलं. लेबलवर ईएन ३८८ हे हातमोज्यांचं युरोपीय मानक लिहिलं आहे, आणि त्याखाली ४, ५, ४, ३ व शेवटी इंग्रजी ‘एक्स’. पहिला आकडा घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. म्हणजे तुमचा ५ हा यातला फक्त दुसरा आकडा. तो एका फिरत्या गोल पात्याच्या चाचणीतून येतो. त्या चाचणीची अडचण अशी की मोज्यात काचतंतू किंवा स्टीलची तार असली तर पातंच बोथट होतं आणि आकडा फुगू शकतो. म्हणून या मानकाच्या २०१६च्या आवृत्तीत दुसरी, सरळ पात्याची चाचणी आली. तिचा निकाल शेवटच्या जागी ए ते एफ अशा अक्षरात लिहितात. तुमच्या लेबलवर तिथे एक्स आहे, म्हणजे ती चाचणी झालेलीच नाही. भाचा म्हणाला, “मावशी, आमच्याकडे एक्स असलेला मोजा आला तर मी पुरवठादाराला आधी फोन लावतो.”

आणि टोचण्याचा ३? ती चाचणी साडेचार मिलिमीटर जाडीच्या, गोलसर टोकाच्या सळईने करतात. तुमच्या पट्टीचे दात त्या सळईपेक्षा कितीतरी बारीक आहेत. विणलेल्या मोज्याच्या फटीतून ते जातील की नाही, हे तो ३ सांगतच नाही. किसणीच्या टोकदार भोकांनाही हेच लागू. तिथे मोजा खरवडण्यापासून थोडा वाचवेल, टोचण्यापासून वाचवेल याची खात्री नाही.

मापाचंही बोलायला हवं. संचात एकच माप येतं, ‘फ्री साइज’. माझा हात लहान आहे, अंगठ्याच्या टोकाला अर्धा इंच मोजा नुसता लोंबत होता. आपलं बोट नक्की कुठे संपतं हे अशा मोज्यात कळत नाही, आणि ते सैल टोक पात्याच्या फटीत आधी अडकतं.

सगळ्यात जास्त राग मला खोक्याच्या मागच्या चित्राचा आला. त्यात फूड प्रोसेसरच्या भांड्यात मोजा घातलेला हात दाखवून ‘प्रोसेसरच्या पात्यांसाठीही’ असं लिहिलं आहे. मशीन चालू की बंद, याचा उल्लेख नाही. भाच्याच्या कारखान्यात ड्रिल आणि लेथवर मोजे घालायला सक्त मनाई आहे, कारण फिरत्या भागाने धागा पकडला की तो हातही ओढून घेतो. प्रोसेसरचं पातं काही निराळं नाही. वायर काढून, पातं बाहेर घेऊन ते धुताना मोजा जरूर उपयोगी पडतो. चालू मशीनच्या तोंडात मोज्याचा हात म्हणजे उघड्या हातापेक्षा मोठा धोका, कारण मोजा आहे या भरवशावर माणूस हात घालतो.

होल्डरही बिनकामाचा आहे. त्याचे खिळे इतके आखूड की ओला बटाटा त्यावर टिकतच नाही, गोल फिरतो. त्यामुळेच तर बोटांनी धरायची वेळ येते. ‘होल्डरची गरज नाही’ हे वाक्य मोज्याच्या गुणामुळे छापलं की होल्डरच्या दोषामुळे, हा प्रश्न मला पडला आहे.

माझ्या मागण्या अशा : संचाची रक्कम आणि दवाखान्याचे ६५० रुपये परत मिळावेत. खोक्यावरचे आणि वेबसाइटवरचे ‘कटप्रूफ’, ‘होल्डरची गरज नाही’ हे शब्द आणि प्रोसेसरचं चित्र काढावं. दातांच्या पट्टीसाठी होल्डर आवश्यक आहे आणि तुकडा दोन बोटं जाडीचा उरला की थांबावं, हे मराठी, हिंदी, इंग्रजीत ठळक छापावं. मोजा किमान तीन मापांत द्यावा आणि लेबलवरचे पाचही निकाल खोक्यावर लिहावेत. लांब खिळ्यांचा होल्डर जुन्या ग्राहकांना विनामूल्य पाठवावा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९मधल्या कलम ८४नुसार वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा न दिल्यास झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादकावर येते. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, १९१५ या क्रमांकावर, आणि त्यानंतर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मोजा मी धुतलेला नाही, रक्ताच्या डागासकट पिशवीत ठेवला आहे. आपला माणूस तपासायला आला तर दाखवीन, पण ताब्यात देणार नाही.

कळावे,
आपली ग्राहक
(सही)

सोबत : बिल, दवाखान्याची पावती, लेबलचे आणि मोज्याचे फोटो